ड्रिप मशीनची कॉफी पाणचट होते तेव्हा: बास्केट, शॉवरहेड आणि किमान पाणी

दहा कपांचं मशीन आणायचं आणि रोज त्यात तीन-चार कपच कॉफी करायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. ऑफिसात माणसं चार, घरी कॉफी पिणारे दोन, बाकी सगळे चहावाले. मग कॉफी पाणचट लागली की आधी पावडर बदलली जाते, मग ब्रँड बदलला जातो आणि शेवटी मशीनच माळ्यावर जातं. बहुतेक वेळा दोष पावडरीत नसतो आणि मशीनही बिघडलेलं नसतं. पूर्ण भांड्यासाठी बेतलेल्या मशीनकडून आपण पाव भांड्याचं काम मागत असतो, आणि ते काम त्याला नीट जमत नाही. का जमत नाही आणि कसं जमवून घ्यायचं, हे इथे एकच उदाहरण धरून पाहू.

समजा, कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका छोट्या ऑफिसात सव्वा लिटरचं, 900 वॉटचं मशीन आहे. टाकीवर 2, 4, 6, 8, 10 अशा कपांच्या खुणा आहेत. चार माणसं आहेत म्हणून रोज 4 च्या खुणेपर्यंत पाणी आणि मशीनसोबत आलेल्या प्लास्टिकच्या चमच्याने तीन चमचे पावडर. कॉफी उतरते ती फिकट आणि किंचित आंबूस. दूध घातलं की कॉफीचा फक्त रंग उरतो.

आधी चव कोरी बघा

दूध-साखर घालून कॉफी पाणचट आहे की नाही हे ठरवता येत नाही. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दाट दूध घातलं तर चांगली कडक कॉफीसुद्धा मवाळ लागते. म्हणून तपासणीच्या दिवशी भांड्यातली कॉफी आधी चमच्याने ढवळा. पहिली उतरलेली कॉफी दाट असते आणि शेवटची पातळ, त्यामुळे न ढवळता ओतली तर एकाचा कप कडक आणि दुसऱ्याचा पाणी असं होतं. मग दोन घोट कोरे घ्या.

कॉफी पातळ आहे पण चव स्वच्छ, गोडसर आणि वास चांगला आहे, तर पावडर कमी पडली, एवढंच. पातळ आणि आंबूस, कच्च्या शेंगदाण्यासारखी लागत असेल तर पाण्याने पावडरीतला अर्क पुरेसा घेतलेलाच नाही: पाणी पुरेसं गरम नव्हतं, किंवा फार लवकर निघून गेलं. पातळ असूनही जिभेवर कडवट, कोरडी लागत असेल तर पाणी सगळ्या पावडरीतून न जाता एकाच जागेतून गेलं. तिथली पावडर पार पिळून निघाली आणि बाकीची तशीच राहिली. ही तिन्ही दुखणी एकत्रही येतात, पण आपल्याला सगळ्यात जास्त काय लागतंय ते कागदावर लिहून ठेवा. पुढे काय बदलल्यावर फरक पडला हे त्यावरूनच कळतं.

रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच फिल्टर कॉफी पावडरींत चिकोरी असते. तिचा रंग गडद येतो, म्हणून कॉफी काळी दिसते, पण तिच्यात कॉफी कमीच असते. शिवाय ती पावडर पितळी फिल्टरसाठी बारीक दळलेली असते आणि ड्रिप मशीनचा कागद तुंबवते. मशीनला मध्यम दळण लागतं, बोटांच्या चिमटीत जाडसर मिठासारखं लागणारं. इन्स्टंट पावडर मशीनमध्ये घालायचीच नाही, ती पाण्यात विरघळणारी असते.

माप घ्या, खुणांवर विसंबू नका

टाकीवरचा "कप" म्हणजे आपला कप नव्हे. बहुतेक मशीनवर तो साधारण 125 ते 150 मिलीचा असतो. आपल्या मशीनचा कप किती, ते एकदा मापपात्राने मोजून घ्या. उदाहरणातल्या मशीनला 4 च्या खुणेला बरोबर 500 मिली पाणी लागतं.

आता पावडर. किराणा दुकानात नसला तरी स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आता सहज मिळतो, तो वापरा. त्या प्लास्टिकच्या चमच्याचे तीन चमचे वजन केले तर भरतात 20 ग्रॅम. म्हणजे एका लिटरला 40 ग्रॅमचा हिशेब झाला. ड्रिप कॉफीसाठी सर्वत्र मानलं जाणारं प्रमाण लिटरला सुमारे 55 ग्रॅम आहे, थोडं कमी-जास्त करून. दूध घालणाऱ्यांनी 60 ते 65 धरावं. म्हणजे पहिला दोष इथेच सापडला. 500 मिलीला 30 ग्रॅम हवी होती, पडत होती 20.

चमचा दर वेळी सारखा भरत नाही. भाजलेल्या कॉफीचं वजन भाजणीप्रमाणे बदलतं, जास्त भाजलेली हलकी असते, त्यामुळे तोच चमचा एका पावडरीला पुरतो आणि दुसरीला कमी पडतो. काटा नसेल तर निदान एकदा कुणाकडून तरी मोजून आपल्या चमच्याचं वजन त्यावर लिहून ठेवा.

आणि मोजमाप उलटं करू नका: पावडर पाण्यावर ठरते, उतरलेल्या कॉफीवर नाही. ओला चोथा स्वतःच्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवतो. 30 ग्रॅम पावडर 60 मिली पाणी पिऊन बसते, थोडं वाफेत जातं. टाकीत 500 मिली घातलं की भांड्यात येते जेमतेम 420-430 मिली कॉफी. चौघांना वाटली तर प्रत्येकी शंभर मिलीच्या आसपास. मग लोक म्हणतात कॉफी कमी आली, आणि पुढच्या वेळी नुसतं पाणी वाढवतात, पावडर तेवढीच ठेवून. पाणचटपणाची सुरुवात कितीतरी ठिकाणी अशीच होते.

बास्केट: थर किती जाड बसतो?

30 ग्रॅम घातल्यावर कॉफी सुधारते, पण मन भरत नाही. कारण आता पावडर घालायची बास्केट आडवी येते.

पाणी वरून पडतं आणि पावडरीच्या थरातून खाली झिरपतं. थर जाड असेल तर पाण्याला वाट काढायला वेळ लागतो आणि वाटेत ते अर्क घेतं. थर पातळ असला की ते चाळणीतून गेल्यासारखं निघून जातं. सपाट तळाच्या बास्केटमध्ये कोरड्या पावडरीचा थर अडीच ते पाच सेंटिमीटर असावा, हे धरून चाला. अडीचच्या खाली कॉफी पातळ आणि असमान होते. पाचच्या वर पाणी तुंबतं, थर फुगतो आणि चोथा काठावरून बाहेर येतो.

थर मोजणं अगदी सोपं आहे. कागद बसवून पावडर घाला, बास्केट बोटाने हलकी ठोकून सपाट करा आणि मध्यभागी लाकडी काडी (टूथपिक चालते) तळाला टेकेपर्यंत घाला. काडी काढली की पावडर कुठवर होती ते दिसतं. पट्टीवर मोजा. असंच काठाजवळही बघा.

मशीन विकत घ्यायच्या आधीही हे गणित करता येतं. दळलेली कॉफी 100 मिलीच्या मापात साधारण 35 ते 40 ग्रॅम बसते. उदाहरणातल्या बास्केटचा तळ साडेआठ सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 57 चौरस सेंटिमीटर. 20 ग्रॅम पावडर त्यात सेंटिमीटरभर थर करते. 30 ग्रॅमचा होतो दीड सेंटिमीटर. अडीच गाठायला जवळपास 50 ग्रॅम लागते. लिटरला 60 ग्रॅमच्या हिशेबाने 50 ग्रॅमला 800 मिलीपेक्षा थोडं जास्त पाणी. म्हणजे ही बास्केट 800 मिलीच्या खाली नीट काम करणार नाही, हे काडी आणि पट्टी घेऊन पाच मिनिटांत कळलं.

शंकूच्या आकाराच्या बास्केटला हा त्रास कमी होतो. शंकू खाली निमुळता असल्याने थोडी पावडरही टोकाशी खोल बसते. म्हणून रोज दोन-तीन कपच लागत असतील तर शंकूची बास्केट असलेलं मशीन घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. काही सपाट बास्केटमध्ये छोटा शंकूचा जोड बसतो. तो बसवताना एक गोष्ट बघा: वरच्या छिद्रांच्या चकतीचं, म्हणजे शॉवरहेडचं, पाणी सगळं त्या शंकूच्या आतच पडलं पाहिजे. बाहेर पडलं तर ते पावडरीला न शिवता थेट भांड्यात जातं.

असं बाजूने सटकणारं पाणी हा वेगळाच दोष आहे आणि तो सहज ओळखू येत नाही. कागद बास्केटपेक्षा लहान असला, किंवा ओला होऊन एका बाजूला कोसळला, की पाणी कागदामागून उतरतं. आपल्याकडे नेमक्या मापाचा कागद सहज मिळत नाही, म्हणून दुसऱ्याच मापाचा दुमडून बसवतात आणि तिथेच घात होतो. कागद बसवल्यावर शिवणीच्या कडा दुमडा, थोडं गरम पाणी शिंपडून कागद बास्केटच्या भिंतीला चिकटवा, मगच पावडर घाला. मशीनसोबत नायलॉनची जाळी आली असेल तर तिचा काठ बास्केटच्या काठाला घट्ट टेकतो का ते बघा. जाळी उचकटलेली असेल, तडा गेलेली असेल किंवा तेलकट थराने बुजलेली असेल, तर पाणी जाळीच्या काठावरून उलटतं. जाळी उजेडाकडे धरा, तेलकट झाली असेल तर तिची छिद्रं धूसर दिसतात. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश यांनी ती निघते.

शॉवरहेड: पाणी कुठे पडतं?

उसाच्या सरीला पाणी सोडल्यावर बांधाला एका जागी भगदाड पडलं, की सगळं पाणी तिकडेच धावतं आणि पुढची सरी कोरडी राहते. कॉफीच्या थरात हेच होतं. शॉवरहेडमधून पाणी झारीच्या तोटीसारखं सगळीकडे पडायला हवं. त्याऐवजी एक-दोन धारा मधोमध पडल्या, तर तिथे खड्डा होतो, पाणी त्याच वाटेने निघून जातं आणि कडेची पावडर कोरडी राहते. शॉवरहेड म्हणजे मशीनच्या झाकणाखाली, बास्केटच्या बरोबर वर असलेली छिद्रांची चकती. स्वस्त मशीनमध्ये ती चकती नसतेच, नुसती एक तोटी असते.

शॉवरहेडचं काम कसं चाललंय, हे चोथाच सांगतो. कॉफी उतरल्यावर बास्केट काढा, पण लगेच उपडी करू नका. वरून बघा. पृष्ठभाग सपाट आणि सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मध्ये वाटीसारखा खड्डा आणि कडेला उंच, फिकट पावडर असेल तर पाणी मधोमधच पडलंय. मग चमच्याच्या दांड्याने थर कापा, केक कापतात तसा, आणि कापलेली कडा बघा. आत कोरडी, फिकट तपकिरी ढेकळं दिसली तर तेवढी पावडर फुकट गेली. दहा ग्रॅम कोरडी राहिली म्हणजे आपण 30 नाही, 20 ग्रॅमचीच कॉफी केली.

छिद्रं बुजण्याचं मुख्य कारण क्षार. नळाच्या पाण्याने हे सावकाश होतं, पण बोअरचं पाणी वापरत असाल तर काही महिन्यांतच पांढरट कवच दिसू लागतं. भांड्याच्या किंवा गीझरच्या कॉईलवर जो पांढरा थर बसतो, तोच. तो शॉवरहेडची छिद्रं बुजवतो आणि आतल्या नळीतही बसतो, त्यामुळे पाणी हळू येतं, वाफ जास्त होते आणि फुसफुस आवाज वाढतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी निदान कॉफीपुरतं नळाचं पाणी घ्यावं. आरओचं पाणी क्षार करत नाही, पण फार मऊ झालेल्या पाण्याने कॉफीही बेचव, सपाट लागते.

साफ करायची रीत अशी. मशीनची वायर काढा आणि ते थंड होऊ द्या. शॉवरहेड काहींत फिरवून निघतं, काहींत एका स्क्रूने बसवलेलं असतं, काहींत निघतच नाही. निघत असेल तर अर्धा लिटर कोमट पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवून त्यात वीस मिनिटं ठेवा. सायट्रिक ॲसिड म्हणजे ढोकळ्यासाठी वापरतात तेच लिंबूसत्त्व, लक्ष्मीपुरीत किराणा-मसाल्याच्या दुकानात मिळतं. नंतर प्रत्येक छिद्रात टाचणी हलकेच घालून बघा. जोर करू नका: प्लास्टिकचं एक छिद्र मोठं झालं की पाणी नेमकं तिथूनच जास्त पडतं आणि आपण जे दुरुस्त करायला बसलो तेच बिघडतं.

आतल्या नळीसाठी टाकीत एक लिटर थंड पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला. बास्केट रिकामी ठेवून मशीन सुरू करा, अर्धं पाणी उतरलं की बंद करा आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबा, मग उरलेलं उतरवा. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन किंवा तीन पूर्ण टाक्या चालवा. चवीला आंबटपणा राहिला तर आणखी एक. ॲसिड जास्त घातलं म्हणजे जास्त साफ होतं असं नाही. दाट द्रावण गरम झालं की क्षाराशी मिळून नवीनच पांढरा गाळ तयार होतो. आणि रात्रभर ॲसिड भरून ठेवू नका, कित्येक मशीनची तापणारी नळी ॲल्युमिनियमची असते.

छिद्रं साफ करूनही पाणी मधोमधच पडत असेल, तर मशीनची रचनाच तशी आहे. मग हाताने मदत करा. मशीन सुरू करा, बास्केटमध्ये पाणी येऊ लागल्यावर वीस-पंचवीस सेकंदांत बटण बंद करा. झाकण उघडून चमच्याच्या दांड्याने पावडर तळापर्यंत पाच-सहा वेळा ढवळा, कोरडी पावडर राहू देऊ नका. अर्धा मिनिट थांबा, मग पुन्हा सुरू करा. झाकण उघडताना वाफ येते, चेहरा बाजूला ठेवा. मशीन डिजिटल असेल तर बंद केल्यावर ते पहिल्यापासून मोजायला लागतं. अशा मशीनमध्ये बंद न करता फक्त झाकण उघडून ढवळा. पण हात सांभाळा, वरून उकळतं पाणी पडत असतं.

उदाहरणातल्या मशीनचं बघायचं तर, शॉवरहेडची नऊ छिद्रं, त्यातली चार बुजलेली आणि ती सगळी एकाच बाजूची. साफ केल्यावर खड्डा जवळजवळ नाहीसा झाला. कडवटपणा गेला. पातळपणा थोडा राहिलाच.

किमान पाणी: मशीनला किती घालावं लागतं?

इथे मशीनच्या पोटात काय चालतं ते कळायला हवं. टाकीतलं पाणी तळाशी असलेल्या धातूच्या नळीत येतं. तिथला हीटर ते उकळवतो, वाफेचे बुडबुडे गरम पाणी वर ढकलतात आणि ते शॉवरहेडमधून पडतं. मोटरचा पंप नसतो. म्हणून पाणी किती वेगाने पडणार हे हीटरच्या वॉटवरच ठरतं. आपण पाणी कमी घाला नाहीतर जास्त, वेग तोच. टाकीत कमी घातलं तर ते फक्त लवकर संपतं.

900 वॉटचा हीटर 25 अंशांचं पाणी 93 अंशांपर्यंत नेताना, इकडे-तिकडे जाणारी उष्णता वगळता, सेकंदाला पावणेतीन मिलीच्या आसपास पाणी वर पाठवतो. या वेगाने पूर्ण सव्वा लिटर सुमारे साडेसात मिनिटांत उतरतं. कॉफीसाठी ते छान: पाणी आणि पावडर यांची भेट चार ते आठ मिनिटं व्हावी असा ठरलेला हिशेब आहे. पण तेच मशीन 500 मिली तीन मिनिटांत संपवतं. दोन कपांचं 250 मिली तर दीड मिनिटात. एवढ्या वेळात मध्यम दळणाच्या पावडरीतून पुरेसा अर्क निघत नाही.

दुसरा तोटा उष्णतेचा. चांगली कॉफी 90 ते 96 अंशांच्या पाण्यात होते. मशीन थंड असताना पहिलं पाणी नळी, झाकण, शॉवरहेड, बास्केट आणि कोरडी पावडर या सगळ्यांना तापवण्यात आपली उष्णता खर्च करतं. म्हणून पहिलं शंभर-दीडशे मिली पाणी पावडरीपर्यंत पोचेस्तोवर कोमटपणाकडे झुकलेलं असतं. सव्वा लिटरमध्ये हा वाटा थोडा असतो. 400 मिलीमध्ये तो जवळजवळ तिसरा हिस्सा होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, म्हणून इथे पाणी शंभरऐवजी 98 अंशांवर उकळतं, पण त्याने कॉफी बिघडत नाही. बिघडवतो तो थंड मशीनचा पहिला भाग.

आपल्या मशीनची किमान मर्यादा मोजायची रीत अशी: टाकीत 600 मिली साधं पाणी घाला, बास्केट रिकामी ठेवा. पहिला थेंब पडला की घड्याळ सुरू करा आणि फुसफुस संपून धार थांबली की बंद करा. समजा 3 मिनिटं 35 सेकंद लागले, म्हणजे 215 सेकंद. 600 भागिले 215, सेकंदाला 2.8 मिली. किमान चार मिनिटं, म्हणजे 240 सेकंद हवेत, तर 2.8 गुणिले 240, सुमारे 670 मिली. वेळेच्या हिशेबाने हे मशीन 670 च्या खाली वापरू नये. थराच्या हिशेबाने 800 आलं होतं. दोन्हींत जे मोठं, ती मशीनची किमान मर्यादा. बहुतेक मशीनच्या बाबतीत ही मर्यादा टाकीच्या निम्म्याच्या थोडी वर येते, त्यामुळे मोजायला वेळ नसेल तर "निम्म्याच्या खाली नाही" एवढं लक्षात ठेवून सुरुवात करायला हरकत नाही.

मोजताना विजेचा दाब कमी असेल तर वेळ जास्त लागतो, हे विसरू नका. 230 व्होल्टऐवजी 200 मिळाले तर हीटर सुमारे पाऊणच जोर लावतो. वेळ नेहमी ज्या प्रहरी कॉफी करता त्याच प्रहरी मोजा.

लवकर व्हावी म्हणून टाकीत गरम पाणी घालणारे पुष्कळ असतात. तसं करू नका. पाणी आधीच गरम असेल तर हीटरला ते उकळवायला कमी वेळ लागतो, धार वाढते आणि भेटीचा वेळ आणखी घटतो. गार पाणीच घाला.

मग चौघांसाठी नेमकं काय करायचं?

राजारामपुरीच्या त्या मशीनमध्ये 800 मिली पाणी आणि 50 ग्रॅम पावडर. थर अडीच सेंटिमीटर. उतरायला पावणेपाच मिनिटं. चोथ्याने शंभर मिली आणि वाफेने थोडं घेतलं, म्हणजे हातात येते 680 मिलीच्या आसपास, चौघांना प्रत्येकी 170 मिली. टाकीवरच्या "4" च्या खुणेने याच चौघांना शंभर मिली मिळत होते, म्हणजे खरी गरज पहिल्यापासून "6" च्या वरची होती. पावडर रोज 20 च्या जागी 50 ग्रॅम लागते आणि खर्च वाढतो, हे खरं. पण आधीची 20 ग्रॅम वाया जात होती, हेही तितकंच खरं.

कॉफी उतरल्यावर बघायच्या गोष्टी दोनच: चोथा सपाट आहे का, आणि कोरी चव आंबूस आहे की कडवट. आंबूस असेल तर दळण एक पायरी बारीक करा. कडवट, कोरडी असेल तर एक पायरी जाड. पाणी, पावडर आणि दळण एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

आणि दोघांसाठी?

मोठ्या मशीनमध्ये 400 मिली करावीच लागली तर तीन उपाय एकत्र वापरा. आधी 300 मिली साधं पाणी मशीनमधून पूर्ण उतरवा आणि फेकून द्या, त्याने नळी, बास्केट आणि भांडं तापतं. लगेच कागद, 26 ग्रॅम पावडर आणि 400 मिली गार पाणी घाला. पावडर नेहमीपेक्षा थोडी बारीक हवी. मशीनवर छोट्या मात्रेचं बटण असेल (बहुधा 1-4 असं लिहिलेलं) तर ते दाबा. ते हीटरला थांबून-थांबून चालवतं आणि धार मंद करतं.

तिसरा उपाय थेंबबंदीचा. भांडं बाहेर काढलं की बास्केटखालची झडप बंद होते, ती कप ओतताना कॉफी सांडू नये म्हणून असते. पाणी पडायला लागलं की भांडं काढून घ्या, खाली एक छोटा कप ठेवा आणि तीस सेकंद थांबा. या वेळात 80-85 मिली पाणी बास्केटमध्ये साठतं आणि पावडर त्यात भिजत राहते. ढवळून घ्या, भांडं परत ठेवा. असं दोनदा करता येतं. पण हे फक्त थोड्या कॉफीलाच. पूर्ण भांडं करताना तेच केलं तर बास्केट काठोकाठ भरते आणि चोथ्यासकट ओट्यावर येते. भांडं काढून तीस सेकंदांत परत ठेवायची सवय नसेल, विसरायची शक्यता असेल, तर हा उपाय करूच नका.

हे सगळं करून 400 मिली बरी होते, 800 सारखी होत नाही. 250 मिलीच्या आत गेलात तर या मशीनकडून काही अपेक्षा धरू नये. एका-दोन कपांसाठी पितळी फिल्टर किंवा कपावर ठेवायचा छोटा शंकू काढा, आणि दहा कपांचं मशीन पाहुणे आल्यावर लावा.